महदाइसेचे धवळे : दोन समीक्षादृष्टी आणि त्यांच्या मर्यादा

यवतमाळ येथील संशोधक यशवंत खुशाल देशपांडे यांनी १९३५ मध्ये महदंबेच्या काव्याचा परिचय मराठी वाचकांस करून दिला, तेव्हा पुस्तकास त्यांनी ‘आद्य मराठी कवयित्री’ असे नाव दिले. पुढे हे नाव इतके रूढ झाले की, शालेय पाठ्यपुस्तकापासून पदव्युत्तर प्रश्नपत्रिकेपर्यंत महदंबेचा उल्लेख या तीन शब्दांवाचून क्वचितच होतो. तथापि हे तीन शब्द एकाच काळाचे नाहीत. ज्या पंथाने हे काव्य जपले, त्या महानुभावांनी ते ‘आद्य’ म्हणून जपले नव्हते. ‘मराठी’ म्हणून जपले असेल, पण त्या शब्दाचा त्यांच्या मनातील अर्थ निराळा होता. आणि ‘कवयित्री’ म्हणून तर निश्चितच जपले नव्हते. धवळे हे परमेश्वराच्या लीलेचे स्मरण होय, ही त्यांची भूमिका. काव्य आणि त्याचे नाव यांच्यामध्ये सुमारे साडेसहा शतकांचे अंतर आहे. अलीकडे स्त्रीवादी व उत्तर-वसाहतवादी समीक्षकांच्या परिभाषेतून धवळ्यांचा विचार होऊ लागला आहे. या दोन्ही दृष्टींना जे दिसते आणि जे दिसत नाही, ते बहुतांशी याच अंतरात सापडते.

धवळ्यांच्या जन्माची हकीकत पंथीय गद्यात आली आहे. महदाइसा ही नागदेवाचार्यांची चुलत बहीण. लहानपणीच तिला वैधव्य आले होते. प्रथम ती दादोसांची शिष्या होती, पुढे चक्रधरांच्या परिवारात आली, आणि चक्रधरांनी उत्तरापंथे प्रयाण केल्यावर ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. गोविंदप्रभूंचे वर्तन लौकिक दृष्टीस वेडेपणाचे वाटे. भक्तांच्या दृष्टीने ती ईश्वराची क्रीडा होती. एकदा त्यांनी आपल्या विवाहाचा सोहळा मांडविला. लग्न म्हटले म्हणजे धवळे हवेत. ते गावयाची आज्ञा त्यांनी महदाइसेस केली, आणि तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गाइले. पूर्वार्ध या प्रसंगीचा आणि उत्तरार्ध नंतरचा, असे परंपरा मानते. दोन्ही मिळून सुमारे दीडशे धवळे होतात. काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून पूर्वार्ध ज्ञानेश्वरीच्या, म्हणजे १२९० च्या, अगोदरचा समजला जातो.

‘धवळा’ हा शब्द महदाइसेने घडविलेला नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने त्याच शतकात शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त धवल या प्रबंधप्रकाराची नोंद आहे. मंगलप्रसंगी गावयाच्या गीताचा हा प्रकार मराठीबाहेरही प्रचलित होता. तेव्हा महदाइसेसमोर रिकामी पाटी नव्हती. एक ठरलेली चाल, ठरलेला प्रसंग आणि ठरलेला गायकवर्ग तिच्यासमोर होता. हा गायकवर्ग म्हणजे लग्नघरातील सवाष्णी.

स्त्रीवादी दृष्टीचे खरे बळ येथे प्रत्ययास येते. धवळ्यांवरील जुन्या समीक्षेने महदाइसेच्या वैधव्याची नोंद चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात केली आणि काव्याचा विचार सुरू होताच ती बाजूस ठेवली. भाषा साधी आहे, भाव उत्कट आहे, रुक्मिणीचे मन जिवंत उतरले आहे, अशी प्रशस्ती होई. पण विवाहमंगल गावयाचा अधिकार जिला लोकाचाराने नाकारला होता तिनेच मराठीतील पहिले ज्ञात विवाहगीत रचले, या गोष्टीचे कोणास नवल वाटले नाही. चरित्रातील एक तपशील आणि काव्यातील एक प्रकार यांची सांगड घालावयाची होती. ती घातली जाण्यास ‘गाणाऱ्याचे समाजातील स्थान कोणते?’ हा प्रश्न आधी विचारला जाणे अवश्य होते, आणि तो स्त्रीवादी समीक्षेने विचारला. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

या प्रश्नाची धार अद्याप बोथट झालेली नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले, आणि अखेर जिल्ह्यातील एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते उद्घाटन झाले. संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा निराळी. पण एका मंगल म्हटल्या जाणाऱ्या समारंभाचा आरंभ पतिनिधन झालेल्या स्त्रीने करावा, याचा आवर्जून उल्लेख करावासा वाटला, यावरून तो अपवाद अजून अपवादच आहे हे कळते.

परंतु ऋद्धिपूरच्या प्रसंगास ‘विद्रोह’ हा शब्द लावताना थांबावे लागते. महदाइसेने रूढी मोडून धवळे गाइले असे म्हणावयाचे, तर ती रूढी कोणत्या मांडवात मोडली गेली ते पाहिले पाहिजे. हा मांडव लौकिक लग्नाचा नव्हता. वर ईश्वरावतार, लग्न ही त्याची लीला, आणि गाणारी ही त्याच्या आज्ञेत असलेली भक्त. ईश्वराच्या सान्निध्यात लौकिक विधिनिषेध गळून पडतात, हा पंथाचा सिद्धान्त आहे. तेथे वैधव्याचा निषेध मोडला जात नाही. तो लागूच होत नाही. या दोन गोष्टींत फार अंतर आहे. निषेध मोडला तर त्याचा परिणाम मांडवाबाहेर होतो. तो लागूच नसेल तर मांडवाबाहेरचे जग जसेच्या तसे राहते. महानुभाव गृहस्थांच्या लौकिक लग्नांत त्यानंतर विधवा धवळे गाऊ लागल्या, असे दाखविणारा पुरावा पुढे आलेला नाही. पंथाने स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला, ही गोष्ट खरी आणि मोठी आहे. पण तो अधिकार संसार सोडण्याचा होता, संसारातील मंगलकार्यात परत येण्याचा नव्हता.

स्त्रीवादी वाचनातील दुसरा मुद्दा रुक्मिणीचा. बंधू रुक्मीने शिशुपालाशी ठरविलेले लग्न रुक्मिणीस मान्य नाही. ती ब्राह्मणाहाती द्वारकेस पत्र पाठविते आणि कृष्णाने येऊन आपले हरण करावे असे सुचविते. स्वतःचा वर स्वतः निवडणारी, घराच्या इच्छेविरुद्ध लेखणी हाती घेणारी नायिका एका स्त्रीने निवडली, म्हणून तीत कवयित्रीची आकांक्षा उमटली आहे, असे प्रतिपादन केले जाते. ते आकर्षक आहे. त्याची परीक्षा घेण्याचे साधनही सुदैवाने हाताशी आहे.

पत्र हे महदाइसेचे नव्हे; ते भागवताच्या दशम स्कंधात आहे. कथेची निवडही केवळ तिची नव्हे. त्याच पंथात, थोड्याच वर्षांनी, नरेंद्राने १२९२ च्या सुमारास ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. नरेंद्र हा पुरुष, पंडित, राजसभेशी परिचित. आणि रुक्मिणीच्या विरहाचे वर्णन तर त्याने महदाइसेहून किती तरी अधिक विस्ताराने केले आहे. रुक्मिणीची निवड व तिच्या मनाचा वेध ही स्त्रीस्वराची खूण मानली, तर तीच खूण नरेंद्राच्या काव्यावरही उमटलेली दिसते आणि मग तिला खूण म्हणून अर्थ उरत नाही. शिवाय महानुभावांच्या दृष्टीने श्रीकृष्ण हा पाच अवतारांपैकी एक. त्याला आतुरतेने हाक मारणारी रुक्मिणी ही भक्ताच्या स्थितीची प्रतिमा आहे, आणि ती स्थिती स्त्रीपुरुष दोघांचीही आहे. कौंडिण्यपूर वऱ्हाडातच वर्धेच्या काठी असल्याने ही कथा या भागातील श्रोत्यांस घरची वाटत असावी, हेही तिच्या लोकप्रियतेचे एक साधे कारण असू शकेल.

मग दोन काव्यांत भेद नाही काय? भेद आहे, आणि तो मोठा आहे. पण तो नायिकेत नसून रचनेच्या प्रयोजनात आहे. नरेंद्राचे काव्य ऐकवावयाचे आहे. त्यातील अलंकार श्रोत्याने जागच्या जागी थांबून आस्वादावेत अशी त्याची घडण आहे. धवळे गावयाचे आहेत. गाणाऱ्यांचा मेळा असतो, एकीने उचललेला चरण दुसरीने पुरा करावा लागतो, त्यामुळे वाक्ये आखूड, क्रियापदे पुढे सरकणारी, आणि वर्णनापेक्षा घटना व संवाद यांवर भर. ज्याला जुन्या समीक्षेने ‘बायकी साधेपणा’ म्हटले आणि नवी समीक्षा ‘स्त्रीची शैली’ म्हणते, तो पुष्कळसा या गेयतेचा परिणाम होय. विदुषी असूनही महदाइसा साधे लिहिते याचे कारण ती स्त्री आहे हे नव्हे, तर ती लग्नाचे गाणे रचीत आहे हे होय. अर्थात लग्नाचे गाणे हा प्रकारच स्त्रियांच्या समाजात वाढला, आणि त्या मार्गाने स्त्रीजीवनाचा ठसा त्यावर आहेच. परंतु तो ठसा एका व्यक्तीचा नसून एका समूहाचा आहे. इलेन शोवॉल्टर यांच्यासारख्या समीक्षकांनी १९७०–८० च्या दशकात लेखिकांच्या स्वतंत्र परंपरेचा जो विचार मांडला, त्याच्यासमोर प्रामुख्याने छापील कादंबरी लिहिणारी, स्वतःचे नाव मुखपृष्ठावर घालणारी लेखिका होती. तो माप म्हणून धवळ्यांस लावल्यास प्रत्येक शब्दामागे एक ‘मी’ शोधण्याचा मोह होतो.

हा ‘मी’ व्याकरणाच्या अंगाने शोधून पाहणे उद्बोधक ठरते. आजच्या प्रमाण मराठीत बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदावरून लगेच कळते : पुरुष ‘मी गातो’ म्हणतो, स्त्री ‘मी गाते’ म्हणते. म्हणून आजचा वाचक कोणत्याही कवितेतील प्रथमपुरुषी क्रियापदात नकळत स्त्री किंवा पुरुष ऐकत असतो. प्राचीन मराठीत ही सोय सर्वत्र नाही. गीताच्या आरंभी येणारे स्वाभाविक रूप म्हणजे ‘गाईन’. त्यात लिंगभेद नाही, तो आजही नाही. भूतकाळात ‘गाणे’ सकर्मक असल्याने कर्मणी प्रयोग होतो. नमुन्यादाखल ‘मीं धवळा गाइला’ हे वाक्य घडविले, तर ‘गाइला’ हे रूप धवळ्याच्या लिंगावरून ठरते. गाणारी स्त्री असो वा पुरुष, रूप तेच. गाणारा स्वतःच्या गाण्याविषयी जे काही बोलेल, ते बहुधा याच दोन घाटांत बसते. म्हणजे भाषेची घडणच अशी की, गीत गाणाऱ्याचे लिंग झाकले जाते. रचनाकर्ती स्त्री आहे हे बाहेरून ठाऊक नसते, तर केवळ क्रियापदांवरून ते सिद्ध करणे अवघड गेले असते.

यावरून स्त्रीत्व दडपले गेले असा निष्कर्ष काढणेही तितकेच घाईचे होईल. व्याकरणातील लिंग आणि बोलणारीची स्वतःविषयीची जाण या दोन गोष्टी एकमेकींस बांधलेल्या नसतात. कोल्हापूरकडील स्त्री ‘मी आलो’ म्हणते, म्हणून ती स्वतःला पुरुष समजते असे कोणी म्हणत नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे पहिल्याच वर्षी सांगितले जाते. समीक्षेत मात्र ते वारंवार विसरले जाते.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, महदाइसेचा स्वर खरोखर स्पष्ट, व्यक्तिगत आणि स्त्रीचा म्हणून ऐकू येतो तो तिच्या काव्यात नसून म्हाइंभटाने संकलित केलेल्या लीळाचरित्राच्या गद्यात. तेथे ती प्रश्न विचारते, उत्तराने समाधान झाले नाही तर पुन्हा विचारते, शंका काढते. चक्रधर तिला ‘बाई’ म्हणून संबोधितात आणि तिच्या जिज्ञासेची पंथाने आदराने नोंद ठेवली आहे. ते गद्य एका पुरुषाने अनेकांच्या आठवणी गोळा करून लिहिले आहे. जी रचना तिची स्वतःची, तीत समूहाचा स्वर. आणि जी पुरुषाची, तीत तिचा स्वतःचा. लेखिका कोण हे पाहून स्वर कोणाचा हे ठरविणारी कोणतीही पद्धती येथे उलटी पडते. स्त्रीवादी वाचनास महदाइसा हवी असेल तर त्याने धवळे बाजूस ठेवून लीळाचरित्र उघडावे, असे म्हणावेसे वाटते. मात्र तेथेही म्हाइंभटाची निवड आणि पंथाचे प्रयोजन यांचा पडदा मध्ये आहेच.

उत्तर-वसाहतवादी दृष्टीचा विचार करताना प्रथम एक आक्षेप समोर येतो : तेराव्या शतकातील काव्यास वसाहतीच्या चर्चेत ओढण्याचे प्रयोजन काय? आक्षेप अर्धा बरोबर आहे. काव्य तेराव्या शतकातील असले तरी ज्या रूपात ते वाचले जाते ते रूप विसाव्या शतकात घडले, आणि त्या घडणीवर या दृष्टीचा प्रकाश चांगला पडतो.

चौदाव्या शतकात रवळोबासांनी निर्माण केलेल्या सकळ लिपीत आणि तिच्या मागून आलेल्या इतर सांकेतिक लिप्यांत पंथाने आपले ग्रंथ झाकून ठेविले. बाहेरच्यास ते वाचता येत नसत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या प्रयत्नांनी या लिपीची उकल झाली आणि महानुभाव वाङ्मय अभ्यासकांच्या हाती आले. वऱ्हाडातील या कार्यात यवतमाळचा वाटा मोठा. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ चा. त्यांच्या शारदाश्रमाने पोथ्यांच्या संग्रहाचे व संशोधनाचे काम चालविले. त्या वेळी वऱ्हाड नावाने निजामाचा आणि १८५३ पासून कारभाराने इंग्रजांचा होता. अशा दुहेरी सत्तेखालील जिल्ह्याच्या गावी बसून मराठीच्या आरंभाचा शोध घेणाऱ्या संशोधकास ‘आद्य’ या शब्दाची ओढ का वाटावी, हे समजणे कठीण नाही. वाङ्मयाचा इतिहास कालानुक्रमे लिहावा, त्यात पहिला ग्रंथ, पहिला कवी, पहिली कवयित्री यांची स्थाने निश्चित करावीत, ही कल्पना इंग्रजी विद्येच्या संपर्कातून आली. आणि ती स्थाने आपल्याही भाषेत भरलेली आहेत, किंबहुना इतरांच्या आधी भरलेली आहेत, हे दाखविण्याची ईर्ष्या देशाभिमानातून आली. महदाइसेच्या माथी ‘आद्य कवयित्री’ ही पदवी या दोन प्रेरणांच्या संगमावर चढली. इतके स्पष्टीकरण उत्तर-वसाहतवादी दृष्टी देते आणि ते पटण्यासारखे आहे.

याचा काव्याच्या वाचनावर काय परिणाम झाला? गाण्याचे पुस्तक झाले. ज्या शब्दसमूहाचे घर मेळा आणि स्मरण हे होते, त्याला क्रमांक, पाठभेद आणि प्रस्तावना लाभली. मघाशी ज्या एकट्या ‘मी’चा उल्लेख झाला, तो शोधण्याची सवय वाचकास या छापील रूपानेच लाविली. म्हणजे स्त्रीवादी वाचनाच्या एका चुकीचे मूळ उत्तर-वसाहतवादी दृष्टी दाखवू शकते.

परंतु हीच दृष्टी मागे तेराव्या शतकात नेली की ती बिघडते. तसे करण्याचा मोह पडतो तो स्मृतिस्थळातील एका प्रसिद्ध प्रसंगामुळे. केशोबासांना संस्कृतात ग्रंथरचना करावयाची होती. नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले, कारण तसे केल्यास आपल्या म्हाताऱ्या स्त्रिया त्या ज्ञानास अंतरतील. संस्कृत ही सत्ताधाऱ्यांची भाषा, मराठी ही दबलेल्यांची; संस्कृतच्या जागी इंग्रजी घाला म्हणजे समीकरण पुरे झाले, अशी मांडणी मग होते. त्यात तीन गोष्टी निसटतात. संस्कृत ही बाहेरून येऊन राज्य करणाऱ्या परकीयांची भाषा नव्हती. केशोबास व नागदेव दोघेही ती आपली मानीत होते. दुसरे, यादवांच्या काळात मराठी ही शिलालेखांत व राजाश्रयात शिरलेली भाषा होती. तिला सत्तेचे वारे लागलेच नव्हते असे नाही. आणि तिसरे, नागदेवाचार्यांचा युक्तिवाद भाषेच्या अभिमानाचा नव्हता. मराठी थोर आहे असे ते म्हणत नाहीत. म्हाताऱ्यांना कळले पाहिजे असे म्हणतात. एका विशिष्ट श्रोतृवर्गाची ती काळजी आहे, आणि तो वर्ग स्त्रियांचा आहे. येथे उपयोगी पडते ती स्त्रीवादी दृष्टी; वसाहतीच्या समीकरणात त्या म्हाताऱ्या दिसेनाशा होतात आणि त्यांच्या जागी ‘मराठी अस्मिता’ उभी राहते.

असाच प्रकार पंथाच्या नावाचा. आर. व्ही. रसेल यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातील जातिजमातींवर लिहिलेल्या ग्रंथात ‘मानभाव’ या शीर्षकाखाली या पंथाची माहिती दिली. एका ज्ञानपरंपरेचे इंग्रज अंमलदाराच्या कोशात एक ‘जात’ म्हणून रूपांतर झाले, हे निरीक्षण यथार्थ आहे. तथापि पंथाच्या तिरस्काराचे खापर मात्र तेथे फोडता येत नाही. ‘महानुभाव’चा ‘मानभाव’ हा ध्वनिदृष्ट्या निरुपद्रवी बदल. पण ‘मानभावी’ या शब्दास जो ढोंगीपणाचा अर्थ चिकटला तो मराठी बोलणाऱ्यांनी चिकटविला, आणि इंग्रज येण्यापूर्वी चिकटविला. पेशवाईच्या उत्तरकाळात पंथाविरुद्ध निर्णय दिले गेले आहेत. सांकेतिक लिपीची कुलुपे इंग्रजांपासून लपण्यासाठी घातलेली नव्हती. अर्थान्तराचा हा इतिहास ज्या दृष्टीस ठाऊक नाही, ती घरच्या दोषास परक्याचे नाव देते.

या दृष्टी निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या १८८२ मधील पुस्तकाशी तुलना केली म्हणजे त्यांचे क्षेत्र कळते. तेथे लिहिणारी स्त्री पुरुषवाचकास उद्देशून स्वतःच्या नावाने बोलते. इंग्रजी न्यायालयात एका ब्राह्मण विधवेवर चाललेला खटला तिच्या लेखनाचे निमित्त आहे. छापखाना हे तिचे साधन आहे. दोन्ही दृष्टींनी गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट—व्यक्ती, वाचक, सत्ता, छापील शब्द—तेथे प्रत्यक्ष हजर आहे. गायत्री स्पिव्हाक यांनी १९८८ मध्ये विचारलेला, दबलेल्यास बोलता येते काय, हा प्रश्न ताराबाईंना विचारण्यात स्वारस्य आहे. महदाइसेला तो विचारला तर उत्तर येण्यापूर्वी असे विचारावे लागते की, ज्याला आज ‘बोलणे’ म्हणतात त्या अर्थाने ती बोलत होती काय, की गात होती?

शेवटी पाठाची अडचण आहे, आणि तिच्याकडे दोन्ही पक्षांचे लक्ष कमी आहे. खालशाच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली व ग्रंथ आठवणीतून पुन्हा सिद्ध करावा लागला, हे पंथच सांगतो. धवळ्यांच्या उपलब्ध पोथ्या त्यांच्या रचनेनंतरच्या काळातील आणि लेखकूंच्या हातून आलेल्या आहेत. त्यातही गाणे हे ओठांवर बदलते. एखाद्या शब्दावरून, एखाद्या प्रत्ययावरून महदाइसेच्या मनाचा निर्णय करणाऱ्याने तो शब्द किती पोथ्यांत आहे, आणि तो तेराव्या शतकातील रूप दाखवितो की सतराव्या, हे आधी पाहिले पाहिजे. ज्या चरणांतील रूपे पोथीपोथीत बदलतात त्यांवर सिद्धान्ताचा भार टाकता येत नाही. ज्या ठिकाणी जुने रूप सर्वत्र टिकले आहे, तेथे काही बोलता येते. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते पुरे झालेले नाही. पूर्वार्ध व उत्तरार्ध यांच्या भाषेत काळाचा भेद खरोखर दिसतो की नाही, एवढ्या एका प्रश्नाचा निकाल लागला तरी आज्ञेने गाइलेले आणि नंतर रचलेले यांत महदाइसा बदलली की नाही, हे विचारता येईल.

तोपर्यंत तिच्या नावाकडे लक्ष द्यावे. आबाइसा, हिराइसा, उमाइसा, महदाइसा : पंथाच्या गद्यात स्त्रिया या रूपाने येतात. ‘आई’ या नात्याच्या शब्दास आदरार्थी जोड देऊन ही नावे झाली आहेत. ‘महदंबा’ हे त्याचेच संस्कृत वळणाचे रूप. तिचे घरचे नाव रूपाइसा होते असे सांगतात. पोथ्या सांभाळणाऱ्यांनी ‘महदाइसेचे धवळे’ म्हटले, तेव्हा त्यांना कवयित्री अभिप्रेत नव्हती, सवाष्ण नव्हती, विधवाही नव्हती. ऋद्धिपूरच्या त्या मांडवात श्रीप्रभूंनी जिला गावयास सांगितले ती थोरली आई अभिप्रेत होती.